आजीसाठी एका मिनिटाची व्हॉइस नोट: काय बोलायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न: ताई, माझी आजी नागपूरला महाल भागात काकांकडे राहते, वय ८२. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण मोठा मेसेज आला की दोन ओळी वाचून फोन बाजूला ठेवते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मशीन घेतली आहे, ती डबीतच असते. मला पुण्यात नोकरी लागली, परवा पहिला पगार झाला. तिने माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल तिला व्हॉइस नोट पाठवायची आहे. लिहायला बसले तर दीड पान झालं, बोलून पाहिलं तर साडेचार मिनिटं. छोटं, सावकाश आणि तिला नीट कळेल असं कसं करू? लिहिलेलं सोबत जोडलंय.

उत्तर:

साडेचार मिनिटांचं एक मिनिट कर, फार तर सव्वा. त्यात सत्तरेक शब्द बसतील. तुझ्या वयाची मुलगी बोलायला लागली की मिनिटाला याच्या दुप्पट शब्द सहज होतात, म्हणून सत्तर ऐकून पोटात गोळा येईल. पण माझं काम कानाच्या मशीन बसवण्याचं आहे. घरची माणसं आजी-आजोबांशी कशी बोलतात आणि त्यातलं किती पोचतं, हे मी समोर बसून बघत असते. सत्तर शब्द पोचले तर खूप झालं.

आजीच्या कानात काय होतं ते आधी समजून घे. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले, बारीक आवाज. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि दणदणीत असतात, ते तिला ऐकू येतात. स, श, फ, थ, ख यांची ओळख मात्र वरच्या पट्टीत असते आणि ते मुळातच नाजूक. म्हणून आजी म्हणते, ‘ऐकू येते वं, पण काय बोलली ते समजत नाही.’ सात, हात आणि आठ तिला एकच वाटू शकतात. मग ती अंदाजाने गाळलेल्या जागा भरते. एका शब्दाचा अंदाज बांधून होईपर्यंत तू पुढच्या वाक्यात गेलेली असलीस, की तिथून पुढचं सगळं वाया.

ओरडून हे सुटत नाही. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो.

आता तुझ्या दीड पानाकडे येऊ. त्यात पाच गोष्टी आहेत. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, बारावीच्या पहाटे, होस्टेलवर पाठवलेले डबे, टेकडीच्या गणपतीला बोललेला नवस, आणि तिने फीसाठी पाटल्या मोडल्या ते. पाचातली एकच घ्यायची. तुझा जीव पाटल्यांमध्ये अडकला आहे हे कळतं, कारण निम्मं पान त्यावरच आहे. पण तूच लिहिलं आहेस की हे काका-काकूंना माहीत नाही. आजी व्हॉइस नोट एकटी ऐकत नसते. फोन काकूच्या हातात असणार, स्पीकर चालू असणार, आणि समोर चहा घेत काका बसलेले असणार. ‘तू माझ्यासाठी काय केलंस ते आपल्या दोघींनाच माहीत आहे’ असं आडून बोलशील तर तेही नको, लगेच ‘काय केलं?’ सुरू होईल. शिवाय व्हॉइस नोट पुढे पाठवता येते. पाटल्यांचं समोरासमोर बोल.

मी बारावीच्या पहाटे घेईन. तू लिहिलं आहेस की पहाटे चारला तू अभ्यासाला बसायचीस आणि आजी समोर सूप घेऊन तूर निवडत बसायची, आणि तुझा डोळा लागला की ताटावर टकटक करायची. हे चांगलं आहे, कारण हे तिलाही आठवतं. आठवणीतली गोष्ट ऐकताना अर्धे शब्द कानातून निसटले तरी उरलेलं तिच्या आतून भरून निघतं. नवीन, गुंतागुंतीची हकीकत तशी भरून निघत नाही. ताट, तूर, पहाट ही डोळ्यांसमोर उभी राहणारी नावं आहेत. तुझ्या पानात ‘तुझ्या त्यागाबद्दल आणि निःस्वार्थ प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार’ असं दोनदा आलं आहे, ते काढून टाक. निःस्वार्थ हा शब्द तर त्या कानासाठी नुसती हवा आहे. तिने केलेल्या कामाचं नाव घेतलंस की आभार त्यात आले.

सगळ्यात जास्त मेहनत वाक्यावर आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचताना त्याचं काही वाटत नाही, डोळा मागे जाऊन बघू शकतो. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापद येईपर्यंत सगळं ओझं डोक्यात धरून ठेवावं लागतं. तुझं हे वाक्य बघ: ‘बारावीला असताना पहाटे चार वाजता उठून अभ्यास करताना मला झोप येऊ नये म्हणून स्वतःची झोप मोडून माझ्यासमोर तूर निवडत बसणारी तू मला आजही आठवतेस.’ लिहायला झकास. पण ‘आठवतेस’ येईपर्यंत कोण काय करतं आहे हेच लागत नाही, आणि तोवर आजीची पकड सुटलेली असते. ते असं फोड: ‘बारावीचं वर्ष. पहाटे चारला उठायची मी. तूही उठायची. समोर बसायची. तूर निवडायची.’ प्रत्येक तुकड्यात फार तर एक क्रियापद, आणि ते चार-पाच शब्दांच्या आत. ऊन-ऊन, ताना-ताना आणि ‘म्हणून’ची साखळी दिसली की तोडायची. कागदावर हे बालवाडीच्या धड्यासारखं दिसेल. दिसू दे, आजी कागद बघणार नाही.

तू घरी ज्या बोलीत बोलतेस त्याच बोलीत लिही. ‘तू बसायचीस, निवडायचीस’ असं आपण नागपुरात आजीशी बोलत नाही, आणि शेवटचा तो स् तिला तसाही ऐकू जाणार नाही. ‘बोलत आहे’ म्हणण्यापेक्षा ‘बोलून राहिली’ तिच्या कानाला सरावाचं आहे. सरावाचा शब्द अर्धा ऐकला तरी ओळखू येतो.

हे लिहिलेलं बघ. एक तिरकी रेघ म्हणजे एक श्वास. दोन रेघा म्हणजे मनात ‘एक, दोन’ मोजायचं. तीन रेघा म्हणजे तीनपर्यंत.

आजी. //
मी चिमी. / पुण्याहून बोलून राहिली. //
सगळं छान आहे. / काळजी करू नको. ///

आजी, / परवा माझा पहिला पगार झाला. //
आणि मला तू आठवली. ///

बारावीचं वर्ष. //
पहाटे चारला उठायची मी. //
तूही उठायची. / समोर बसायची. / तूर निवडायची. //
माझा डोळा लागला / की ताट वाजवायची. ///

तू जागली, आजी. / म्हणून मी जागी राहिली. //
तू होती. / म्हणून मी शिकली. ///

इथूनच पाया पडते. ///
दिवाळीला घरी येते. / सांबारवडी खायला. //
येते, आजी.

शब्द साठाच्या जरा पुढे, वेळ मिनिटभर, रेंगाळलीस तर थोडी जास्त. तुझं नाव मी चिमी धरलं आहे. घरात जे हाक मारतात तेच टाक, आधार कार्डावरचं नको.

यात काही गोष्टी मुद्दाम आहेत. पहिल्या दोन ओळी वाया जाणार हे धरूनच लिहिल्या आहेत. काकू बटण दाबेल, फोन पुढे सरकवेल, आजी पदर सावरून सरसावून बसेल, तेवढ्यात ‘मी चिमी’पर्यंत आलेलं असतं. महत्त्वाचं वाक्य तिथे ठेवलं तर ते हरवतं.

‘सगळं छान आहे’ काढू नकोस. नातीचा आवाज नेहमीपेक्षा हळू, जड आणि थांबत थांबत आला, की म्हाताऱ्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती काहीतरी वाईट झाल्याची. एकदा ती शंका आली की पुढचं काही ऐकू जात नाही, ती फक्त वाईट बातमीची वाट बघते. त्याच कारणाने, बोलताना गळा दाटून आला तर ती नोट पाठवू नकोस, पाणी पिऊन पुन्हा बोल. तुला ते खरंखुरं वाटेल, पण आजी दिवसभर ‘पोरगी रडत होती’ एवढंच सांगत फिरेल.

संहितेत एकही प्रश्न नाही. ‘कशी आहेस? जेवलीस का?’ हे तुझ्या पानात सुरुवातीलाच होतं. आजी व्हॉइस नोटला उत्तर देते. खरंच देते, ‘हो बाई, जेवली, तू जेवली का?’ असं फोनकडे बघून म्हणते, आणि तिचं बोलणं चालू असताना तुझी पुढची दोन वाक्यं निघून जातात. प्रश्न नसला तरी ती मध्ये ‘हो वं’ म्हणणारच. तीन रेघांच्या जागा त्यासाठीच मोकळ्या सोडल्या आहेत.

फी हा शब्द टाळला आहे. फ त्या कानाला जवळजवळ येतच नाही आणि शब्द इतका आखूड की अंदाजालाही आधार नाही. दुसऱ्या कुणाला फीबद्दल बोलावंच लागलं तर ‘कॉलेजच्या फीचे पैसे’ असं म्हणावं, म्हणजे आजूबाजूचे शब्द त्याला उचलून धरतात. आकडेही नकोत, पगार किती हे तर नकोच. चार वाजता ठेवलं, कारण चारसारखा ऐकू येणारा दुसरा आकडा नाही.

दिवाळीची ओळ तिकीट काढलं असेल तरच ठेव. ती त्या दिवसापासून मोजायला लागेल.

सावकाश बोलण्यात बहुतेक जण एक घोळ करतात. शब्दच ताणतात. ‘आऽऽजीऽऽ मीऽऽ चिऽमीऽऽ’ असं अंगणवाडीतल्या ताईसारखं सुरात बोलतात. ताणल्याने फक्त स्वर लांब होतो, आणि स्वर तर तिला आधीच ऐकू येत होता. चढ-उताराच्या लाडिक सुराने तर शब्दाचा आकारच बिघडतो, शिवाय ८२ वर्षांच्या बाईला लहान पोर समजल्यासारखं होतं ते वेगळंच. शब्द नेहमीच्या लांबीचाच बोल, फक्त पूर्ण बोल. ‘वाजवायची’मधला शेवटचा ‘ची’ आपण बोलताना गिळतो, तो गिळू नकोस. सावकाशपणा सगळा शब्दांच्या मधल्या जागेत ठेव. पहिल्यांदा दोन-तीन मोजताना ती शांतता तुला असह्य होईल आणि तू एकावरच पुढे जाशील. म्हणून मोजताना मांडीवर बोटाने ठोके दे, तोंडाने नको.

आवाजाची पट्टी थोडी खाली ठेव. खूश असताना मुलींचा आवाज वर चढतो आणि चढला की तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यातून बाहेर जायला लागतो. छातीवर तळहात ठेव, बोलताना तिथे कंप जाणवला पाहिजे. बसून बोल, चालत नको.

रेकॉर्डिंगला पडदे, गादी, पांघरुणं असलेली खोली बघ. नुसत्या टाईल्सच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि त्या घुमण्याने एका शब्दाची शेपटी दुसऱ्यावर चढते. पंखा बंद. फोन तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे प आणि भ च्या हवेचा फटका माइकवर बसणार नाही. इअरफोनचा माइक नको, तो ओढणीला घासतो. व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून वर सरकवलं की कुलूप लागतं, मग बोट धरून ठेवावं लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कुलूप लागल्यावर एक श्वास थांब आणि मग ‘आजी’ म्हण. पाठवण्याआधी ऐकून बघता येतं, ते ऐक.

ऐकून बघायची माझी एक पद्धत आहे. आधी ती नोट घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा मैत्रिणीला पाठव. तो फोन टेबलावर ठेव, त्यावर टॉवेलची चार पदरी घडी टाक, पंखा चालू कर आणि दोन पावलं लांब, पाठ करून उभी राहा. कापड वरच्या पट्टीतले आवाज जास्त दाबतं, त्यामुळे आजीच्या कानाची थोडीफार कल्पना येते. शब्द तुला पाठ आहेत म्हणून तू कच्ची परीक्षक, मैत्रिणीला ऐकू दे. तिला जो शब्द लागला नाही तो बदल. जोरात बोलून तोच शब्द वाचवायला जाऊ नकोस.

आता महालातल्या बाजूचं. काकूला आधी एक फोन कर. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात कूलर चालू असतो आणि कूलरचा घरघराट नेमका तुझ्या व्यंजनांवर बसतो. आजी कूलरसमोर बसलेली असताना जगातली कुठलीही व्हॉइस नोट तिला कळणार नाही. सकाळी, कूलर सुरू व्हायच्या आधी ऐकव म्हणावं. टीव्ही बंद. फोन तिच्या कानाला लावायचा नाही. व्हॉइस नोट चालू असताना फोन कानाजवळ नेला की आवाज मोठ्या स्पीकरवरून कानाच्या बारीक स्पीकरवर जातो, आणि आजी सवयीने फोन उचलून उजव्या कानाला लावते. मग ‘आवाजच येत नाही’ म्हणते. फोन तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, टेबलावर किंवा उशीवर ठेवायचा. नोटेच्या बाजूला वेगाचं बटण असतं. काकू घाईची असेल तर तिच्या फोनवर ते 1.5x किंवा 2x वर असू शकतं, ते 1x वर आहे का बघायला सांग. तू इतकी मेहनत घेऊन सावकाश बोलशील आणि तिकडे ते दुप्पट वेगाने वाजेल.

लागोपाठ दुसरी नोट टाकू नकोस. एक संपली की तिच्या खालची व्हॉइस नोट आपोआप सुरू होते. काकूसाठी ‘ऐकवलं का गं?’ अशी घाईतली नोट टाकलीस तर आजीच्या कानात शेवटी तेच राहील. काकूला लिहून विचार.

माइकचं चिन्ह निळं झालं म्हणजे नोट वाजली, एवढंच. तिला कळली की नाही हे त्यावरून समजत नाही. आजीला विचारलं तर ती ‘हो, ऐकलं की’ म्हणणारच, कमी ऐकू येणारी माणसं हे सगळ्यांना म्हणतात. काकूला विचार, ‘ऐकून आजी काय म्हणाली?’ उत्तर ‘चिमी बरी आहे म्हणे’ असं आलं तर फक्त सुरुवात पोचली. पगाराचं बोलली तर मध्यापर्यंत पोचलं. तुरीचं किंवा ताटाचं काही निघालं तर सगळं पोचलं. अर्धवट पोचलं असेल तर तीच नोट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकवायला सांग. दुसऱ्या वेळी विषय माहीत असल्यामुळे बरंच जास्त कळतं.

नोट आजोबांसाठी असेल आणि घरात त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर क्रियापदं तेवढी बदलतील, बाकी मोजणी तीच. दोन्ही कान फारच गेले असतील तर मात्र व्हॉइस नोटचा हट्ट सोडावा आणि व्हिडिओ कॉल करावा. तोंड आणि ओठ दिसले की बरीच भर पडते. फक्त चेहऱ्यावर उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको.

आणि त्या मशीनबद्दल. ‘उजव्या कानाने कमी’ असं लिहिलं आहेस. वयाचं ऐकू न येणं साधारण दोन्ही कानांत सारखं उतरतं. एकाच कानात जास्त असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायला काकांना सांग. कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी दुसरं काही निघतं. मशीन डबीत राहते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट डोक्यात गेला आणि ती काढून ठेवली. जिथून घेतली तिथे आजीला घेऊन जाऊन आवाज पुन्हा बसवून घ्या, आणि सुरुवातीला शांत खोलीत रोज तासभर लावायची सवय करा. सकाळी कूलर बंद असतो तो तास त्यासाठी बरा, आणि नोटही त्याच तासात ऐकवता येईल.